'कधीतरी' म्हणजे नक्की किती?

गेल्या शनिवारी टर्म इन्शुरन्सचा फॉर्म भरायला बसलो होतो. नाव, पत्ता, पगार सगळं झरझर झालं आणि एका रकान्यावर गाडी अडकली. मद्यपान करता का? असल्यास प्रकार आणि आठवड्याचं प्रमाण. आमचे एजंटकाका (बाबांच्या पहिल्या पॉलिसीपासूनचे) समोर पोहे खात होते. म्हणाले, "नाही लिही रे. कोण बघायला येतंय?"

आता मी काही रोज पिणाऱ्यातला नाही. शनिवारी मित्रांबरोबर दोन लार्ज, बस्स. तरी पेन पुढे सरकेना. काकांना म्हटलं उद्या देतो, आणि हा प्रश्न फॉर्मवर आला कुठून ते शोधत बसलो. रविवार त्यातच गेला.

गोष्ट लंडनची, साल १८४०. रॉबर्ट वॉर्नर नावाचा एक क्वेकर गृहस्थ आयुर्विमा काढायला गेला. प्रामाणिकपणे सांगितलं, मी दारूला शिवत नाही. कंपनीनं त्याच्याकडे जादा हप्ता मागितला! दारू न पिणारा माणूस अशक्त असतो, लवकर जातो, अशी तेव्हाची पक्की समजूत. खरं बोलल्याचा दंडच म्हणायचा. वॉर्नर वैतागला आणि त्यानं न पिणाऱ्यांसाठी स्वतःच विमा संस्था काढली. १८४७ पासून ती पिणाऱ्यांनाही घेऊ लागली, पण दोघांचे हिशेब वेगळे ठेवले गेले. पट्टीचे दारुडे मात्र दोन्हीकडे नकोत.

हे वेगळे हिशेब म्हणजे सोन्याची खाण निघाली. एकच कंपनी, त्याच धर्तीची वैद्यकीय तपासणी, फरक फक्त त्या एका उत्तराचा. १९०४ साली तिथल्या रॉडरिक मॅकेन्झी मूर या विमागणितज्ञानं १८४१ ते १९०१ अशा साठ वर्षांच्या नोंदी मांडल्या. न पिणाऱ्या गटात ५,१२४ मृत्यू झाले होते. त्यांचा मृत्युदर पिणाऱ्यांसारखा असता, तर ६,९५९ झाले असते. म्हणजे पिणाऱ्यांचा मृत्युदर सुमारे ३६ टक्के जास्त. आणि हे झिंगून पडणारे नव्हेत, 'माफक' पिणारे! (न पिणारे इतर बाबतीतही जपून राहत असतील, ही शंका रास्त आहे. नुसत्या ३६ टक्क्यांवर मी कोणाशी भांडणार नाही.)

मला गंमत वाटली ती डेटाची. तो सगळा लोकांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर उभा होता. रक्त तपासून 'हा पितो' असं ठामपणे सांगता येत नव्हतंच. विम्याच्या कायद्यातलं मूळ दुखणं हेच. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफिल्डनं एका निकालात म्हटलं होतं की धोका ठरवणाऱ्या गोष्टी बहुतेक ग्राहकालाच ठाऊक असतात, म्हणून त्यानं त्या लपवायच्या नाहीत. आपल्याकडचा विमा कायदाही याच पायावर उभा आहे.

बरं, काकांचा प्रश्न. कोण बघायला येतंय? उत्तर आहे, केसपेपर.

मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिलेलं एक प्रकरण बघा. हरियाणातल्या एका माणसानं २०१३ मध्ये एलआयसीची 'जीवन आरोग्य' पॉलिसी घेतली. फॉर्मवर दारूला 'नाही'. साधारण वर्षभरानं पोटात भयंकर दुखू लागल्यानं तो हॉस्पिटलात दाखल झाला, आणि पुढे तिथेच हृदय बंद पडून गेला. हॉस्पिटलच्या कागदांत अनेक वर्षांच्या दारूची नोंद होती. एलआयसीनं क्लेम नाकारला. ग्राहक मंचांनी बायकोच्या बाजूनं निकाल दिले. सुप्रीम कोर्टानं मात्र नकार योग्य ठरवला. तिला आधी मिळालेले पैसे परत घेऊ नका, एवढी माणुसकी दाखवली.

असल्या केसमध्ये घोळ कसा होतो ते लक्षात घ्या. एजंटसमोर आपण 'नाही' म्हणतो. पोटात कळा यायला लागल्या की डॉक्टरसमोर खरं बोलतो, आणि बोलायलाच हवं! रोज पिणाऱ्याची दारू ऑपरेशनसाठी अचानक तुटली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, भ्रम, फिट्स असं काहीही होऊ शकतं. डॉक्टरला माहीत नसेल तर तो भलतंच कारण शोधत बसतो. म्हणजे कागदावर दोन उत्तरं तयार होतात आणि क्लेमच्या वेळी ती एका टेबलावर येतात.

पण डॉक्टरला सांगितलेलं गुप्त असतं ना? असतं, आणि नसतंही. १७७६ साली डचेस ऑफ किंग्स्टनवर दोन लग्नं केल्याचा खटला चालला. तिचा सर्जन सीझर हॉकिन्स याला पहिल्या लग्नाबद्दल विचारलं, तेव्हा त्यानं पेशाच्या इभ्रतीचा मुद्दा काढला. मॅन्सफिल्डच (हा माणूस सगळीकडे आहे!) म्हणाला, आपणहून बोललास तर विश्वासघात, कोर्टानं विचारलं तर बोलावं लागेल. आपल्याकडेही वकिलाला कोर्टात जे संरक्षण आहे ते डॉक्टरला नाही. बाकी ठिकाणी मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनी त्याला तोंड बंद ठेवायला सांगितलंय. म्हणजे तुमचा बॉस, सासरा किंवा शेजारी यांना तो सांगू शकत नाही. अपवाद कोर्टाचा, कायद्यानं कळवायच्या रोगांचा आणि कोणाच्या जिवाला ठरावीक धोका असेल त्याचा.

विमा कंपनीला मात्र अपवादाची गरजच पडत नाही. फॉर्मच्या शेवटी, बारीक अक्षरात, 'माझे वैद्यकीय कागद कोणत्याही डॉक्टरकडून घ्यायला माझी संमती आहे' असं लिहिलेलं असतं आणि खाली आपली सही. कुलूप डॉक्टरकडे, किल्ली आपणच देऊन ठेवलेली.

"तीन वर्षं गेली की काही होत नाही," हेही काकांचंच. अर्धं खरं आहे. आयुर्विम्यात कलम ४५ मुळे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर हरकत घेता येत नाही, फसवणुकीच्या कारणानंही नाही. पण हप्ते चुकून बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली, की मोजणी पुन्हा शून्यापासून. आरोग्य विम्यात ही मुदत ६० महिने आहे, आणि फसवणूक सिद्ध झाली तर तीही उपयोगाची नाही.

राहिलं प्रमाण. 'कधीतरी' लिहू नका. ६० मिलीच्या लार्ज पेगात साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिली बाटलीत ४१. म्हणजे "मी फक्त बिअर पितो" म्हणणारा एका बाटलीत दोन लार्ज पितो. डॉक्टरलाही असंच सांगावं, काय आणि किती वेळा. नाहीतर तो घाईत 'अल्कोहोलिक' लिहून मोकळा होतो. डिस्चार्जच्या वेळी कागद वाचा आणि चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त करून मागा. नंतर लेखी मागितलीत तर आपल्या नोंदींची प्रत ७२ तासांत द्यावी, असंही तेच २००२ चे नियम सांगतात.

असो. मी लिहिलं: व्हिस्की, आठवड्याला १२० मिली. काकांनी चष्म्यावरून बघितलं, "तुझी मर्जी" म्हणाले. मंगळवारी सकाळी आठला रक्त द्यायला बोलावलंय, उपाशीपोटी :)