पहिल्या आयटी नोकरीसाठी कोणतं क्लाउड सर्टिफिकेट: एडब्ल्यूएस, अझूर की क्लाउड प्लस?

कामशेतहून लोकलने पुण्याला येता-जाता माझ्या मावसभावाने मला हाच प्रश्न विचारला होता. त्याला क्लाउड प्लस करायचं होतं. कंपटियाचं हे सर्टिफिकेट कोणत्याही एका कंपनीला बांधलेलं नाही, म्हणजे सगळीकडे चालेल, असं त्याचं गणित. मी त्याला आधी जॉब पोर्टलवर पुण्यातल्या फ्रेशरच्या वीस जाहिराती उघडून क्लाउडचं नाव कुठे दिसतं ते वहीत लिहायला सांगितलं. बहुतेक ठिकाणी एडब्ल्यूएस किंवा अझूर असंच होतं. क्लाउड प्लस वाईट नाही, पण ते काही वर्षं काम केलेल्यांना डोळ्यासमोर ठेवून बनवलंय. त्यामुळे पहिल्या नोकरीसाठी मी कंपनीचंच सर्टिफिकेट घ्या म्हणतो. जाहिरातींत जे नाव जास्त वेळा येईल ते निवडा. (अझूरचं Central India पुण्यात आहे, पण तेवढ्यासाठी अझूर घेऊ नका!)

आता पैशाचं. एडब्ल्यूएसच्या क्लाउड प्रॅक्टिशनर परीक्षेची फी १०० डॉलर, सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएटची १५०, वर कर. पहिली पास झालात की पुढच्या परीक्षेवर निम्मी सूट मिळते, म्हणजे दोन्ही मिळून १७५. असोसिएटसाठी आधीची परीक्षा सक्तीची नाही. तीन-चार महिने अभ्यासाला देता येत असतील तर थेट असोसिएटच द्या. दोन्हींची मुदत ३ वर्षं असते, म्हणून शेवटच्या वर्षाला असताना घेतलेलं बरं, पहिल्या वर्षाला नको.

खरी गडबड पुढे होते. भावाने सर्व्हिसेसची नावं तोंडपाठ केली आणि पहिल्याच इंटरव्ह्यूत अडकला. प्रश्न साधा होता: सर्व्हर चालू आहे, पण वेबसाइट उघडत नाही, काय बघशील? घरी आल्यावर आम्ही एक छोटा सर्व्हर उभा करून हेच करून पाहिलं:

```
curl -vI http://203.0.113.10
```

(तुमच्या सर्व्हरचा आयपी टाका.) कमांड बराच वेळ लटकून शेवटी `Connection timed out` आलं, तर तुमची विनंती बहुधा सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही. सिक्युरिटी ग्रुपमध्ये ८० नंबरचा पोर्ट उघडा आहे का आणि रूट टेबलमध्ये इंटरनेट गेटवेची वाट आहे का, ते बघा. लगेच `Connection refused` आलं, तर विनंती पोचली, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. मग सर्व्हरवर `sudo ss -tlnp` चालवा. यादीत ८० दिसला नाही तर वेब सर्व्हर बंद पडलाय.

यात सिक्युरिटी ग्रुप आणि इंटरनेट गेटवे ही नावं एडब्ल्यूएसची. अझूरमध्ये सिक्युरिटी ग्रुपचं काम नेटवर्क सिक्युरिटी ग्रुप करतो. बाकीचं लिनक्स आणि नेटवर्किंग सगळीकडे सारखंच, आणि ते शिकायला वेगळी फी भरावी लागत नाही. सराव झाला की सर्व्हर डिलीट करायला मात्र विसरू नका. आमचा आठवडाभर चालू राहिला होता.