कॅफिन आणि अकाली जन्मलेले बाळ : एका मात्रेचा इतिहास 🧵

१/ अकाली जन्मलेल्या बाळाचे श्वसनकेंद्र अपक्व असते. श्वास मध्येच थांबतो. विराम २० सेकंदांहून लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, ओठ निळसर पडतात. यालाच अ‍ॅप्निया म्हणतात. पूर्वी तळव्याला टिचकी मारून बाळाला चेतवणे आणि गरज पडल्यास यंत्राने श्वास देणे, हेच मुख्य उपाय होते.

२/ १९७३ मध्ये इंग्लंडमधील कुझेम्को व पाला यांनी अशा बाळांवर अ‍ॅमिनोफायलीनचा उपयोग केला. १९७७ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे जेकब अरांडा यांच्या चमूने त्याच कुळातील कॅफिन दिले आणि श्वास थांबण्याचे प्रसंग ठळकपणे घटले.

३/ मात्रेचे गणित बाळाच्या यकृतात दडले होते. प्रौढाच्या शरीरातील कॅफिन सुमारे ५ तासांत निम्मे होते. नवजाताला त्यासाठी सुमारे १०० तास लागतात. म्हणून आरंभी एकच मोठी मात्रा देऊन रक्तातील पातळी गाठायची आणि पुढे रोज थोडीच भर घालायची, अशी रीत ठरली.

४/ प्रति किलो २० मिलिग्रॅम कॅफिन सायट्रेट आरंभी. २४ तासांनंतर प्रति किलो ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. १.२ किलोच्या बाळाला आरंभी २४ मिलिग्रॅम, ते शिरेतून अर्ध्या तासात सावकाश. मग रोज ६ मिलिग्रॅम. अ‍ॅप्निया थांबला नाही, तर रोजची मात्रा प्रति किलो १० पर्यंत वाढवता येते.

५/ येथेच एक सापळा आहे. सायट्रेटच्या वजनात शुद्ध कॅफिन निम्मेच असते. २४ मिलिग्रॅम सायट्रेट म्हणजे १२ मिलिग्रॅम कॅफिन. लिहिणाऱ्याच्या मनात एक आणि औषध भरणाऱ्याच्या मनात दुसरे असेल, तर मात्रा दुप्पट होते किंवा निम्मी. म्हणून ‘सायट्रेट’ हा शब्द स्पष्ट लिहावाच लागतो.

६/ मात्रा अधिक झाल्याची खूण प्रथम हृदयात दिसते. ठोके मिनिटाला १८० च्या वर टिकून राहिले, तर बहुधा पुढची मात्रा रोखतात. अस्वस्थता, थरथर, उलट्या याही खुणा. अतिरेक झाल्यास झटके येतात. औषध सावकाश उतरत असल्याने ते थांबवल्यावरही अनेक दिवस देखरेख लागते. रक्तातील पातळी सरसकट तपासत नाहीत. विषबाधेचा संशय आल्यास किंवा औषध लागू न पडल्यास तपासतात.

७/ तरीही वाढत्या मेंदूला यामुळे अपाय तर होत नाही ना, हा प्रश्न अनेक वर्षे टांगणीलाच होता. बार्बरा श्मिट यांच्या नेतृत्वाखालील ‘कॅप’ चाचणीत ५०० ते १२५० ग्रॅम वजनाच्या २००६ बाळांपैकी काहींना कॅफिन, काहींना निष्क्रिय द्रव दिला गेला. पहिल्या काही आठवड्यांत कॅफिनच्या गटाचे वजन किंचित कमी वाढले. मात्र २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १८ ते २१ महिन्यांच्या वयातील निष्कर्षांत मृत्यू वा अपंगत्वाचे प्रमाण कॅफिनच्या गटात ४०.२ टक्के, तर दुसऱ्या गटात ४६.२ टक्के आढळले. मॉन्ट्रियलच्या प्रयोगानंतर तीस वर्षांनी ते उत्तर मिळाले.