खवा : पारख आणि साठवण

म्हशीचे किंवा गायीचे दूध उघड्या कढईत सतत ढवळत आटवून केलेला घट्ट गोळा म्हणजे खवा. त्याला मावा असेही म्हणतात. म्हशीच्या एक लिटर दुधाचा साधारण २०० ग्रॅम खवा पडतो, गायीच्या दुधाचा त्याहून कमी. महाराष्ट्रात भूम तालुक्यातील कुंथलगिरी परिसर खव्यासाठी प्रसिद्ध आहे. गणपतीत मोदकांसाठी आणि दिवाळीत करंज्या, गुलाबजामांसाठी मागणी एकदम वाढते. दूध मात्र तेवढेच असते. त्यामुळे याच दिवसांत साठवलेला जुना खवा आणि भेसळीचा माल बाजारात येतो.

खव्यात साधारण एक तृतीयांश पाणी असते, शिवाय दुधातली प्रथिने, साखर आणि स्निग्धांश. कढईत बहुतेक जंतू मरतात. नंतर हात, फडके आणि वजनाची परात यांमधून नवे जंतू लागतात. गरम खवा तसाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की वाफेचे पाणी आतल्या बाजूला सुटते आणि तिथेच बुरशी धरते. म्हणून पिशवीत दव साचलेले दिसले, तर तो खवा घेऊ नये.

शिळेपणा वासावरून कळतो. गोळ्याचा वरचा भाग पाहून काही समजत नाही. तो मधोमध फोडायला सांगावा आणि आतल्या भागाचा वास घ्यावा. ताज्या खव्याला आटलेल्या दुधाचा, किंचित खमंग वास येतो. आंबूस वास म्हणजे जंतूंनी दुधातल्या साखरेचे आम्ल केले आहे, आणि खवट वास म्हणजे स्निग्धांश बिघडला आहे. हिरवे-काळे ठिपके, कुबट वास, बोटाला चिकटून तार सुटणे ही चिन्हे दिसल्यावर चव घेण्याचीही गरज नाही. वास ठीक असेल तरच कणभर जिभेवर ठेवावा. चव मंद गोड हवी, आंबट किंवा कडवट नको.

ही तपासणी दुकानातच करावी, कारण घरी साखर आणि वेलची पडली की आंबूसपणा झाकला जातो. भाजण्याने जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच सोडलेले विष उष्णतेने नाहीसे होत नाही. खव्याच्या मिठाईने उलट्या होण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

भेसळ ओळखणे याहून अवघड आहे. मैदा, आरारूट किंवा बटाट्याचा पिष्टमय भाग मिसळला असेल तर आयोडीनने कळतो. हरभऱ्याएवढा खवा थोड्या पाण्यात उकळावा, पूर्ण गार होऊ द्यावा आणि मग टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा-काळा रंग आला तर पिष्ट आहे. पाणी गरम असताना हा रंग उमटत नाही, आणि घाईत केलेली परीक्षा नेमकी इथे फसते. तपासलेला नमुना फेकून द्यावा.

वनस्पती तूप किंवा पामतेल आणि दूध पावडर यांचा खव्यासारखा माल मात्र या परीक्षेत निर्दोष ठरतो. त्यासाठी तळहातावर चिमूटभर खवा चोळून पाहतात. चांगला खवा रवाळ लागतो आणि हाताला तुपाचा वास राहतो. साबणासारखा गुळगुळीत थर किंवा डालड्याचा वास राहिला तर शंका घ्यावी. अर्थात हा अंदाजच. नियमानुसार खव्यातील पाणी वगळून उरलेल्या घटकांत किमान ३० टक्के दुधाचा स्निग्धांश हवा, आणि त्याची खात्री प्रयोगशाळेतच होते. शंका आल्यास उरलेला खवा व पावती घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

समजा, चतुर्थीच्या मोदकांसाठी अर्धा किलो खवा हवा आहे. तो आदल्या दिवशी, बाजारातील बाकी सगळी खरेदी उरकल्यावर शेवटी घ्यावा आणि तासाभरात फ्रिजमध्ये जाईल असे पाहावे. आधी सव्वाशे ग्रॅमचे चार भाग करावेत. प्रत्येक भाग कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या दारात नव्हे तर आतल्या थंड कप्प्यात ठेवावा. लागेल तेवढाच डबा उघडावा आणि कोरडा चमचा वापरावा. असा खवा तीन-चार दिवसांत संपवावा. जास्त दिवस ठेवायचा असल्यास ताजा असतानाच फ्रीझरमध्ये ठेवावा, तिथे महिनाभर टिकतो. वापराच्या आदल्या रात्री डबा न उघडता खालच्या कप्प्यात आणावा, म्हणजे हवेतले दव खव्यावर बसत नाही. ओट्यावर वितळायला ठेवू नये. एकदा वितळलेला खवा पुन्हा गोठवू नये. बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी तेवढा भाग खरवडून बाकीचा वापरणे धोक्याचे आहे, कारण मऊ, ओलसर खव्यात तिचे धागे दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. असा सगळा डबा टाकून द्यावा.