‘बटरली’ला मराठीत काय म्हणायचं?

1966 साली सिल्व्हेस्टर दाकुन्हा यांच्या जाहिरात संस्थेकडे अमूल बटरचं काम आलं. युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी काढली, आणि दाकुन्हांच्या पत्नी निशा यांच्या सूचनेतून घडलेले ‘अटरली बटरली’ हे शब्द तिच्यासोबत कायमचे आले. ‘अटरली’ म्हणजे सर्वस्वी, अगदी. ‘बटरली’ असा शब्द इंग्रजीत नव्हताच. यमकासाठी तो जन्मला आणि जन्मताना पोटात बटर घेऊनच आला.

आता हे मराठीत आणा. ‘अगदी लोण्यासारखं’ म्हणाल, तर यमक गेलंच, शिवाय अर्थही सरकला. मराठीत लोण्यासारखं असतं ते मऊ, चविष्ट नव्हे. दुसरी अडचण मालाची आहे. लोणी म्हणजे घरी ताक घुसळून निघालेला, बिनमिठाचा पांढरा गोळा. दुकानातल्या पिवळ्या, खारट वडीला आपण बटर म्हणतो, किंवा मस्का. बीडकडच्या एखाद्या घरात ज्वारीच्या भाकरीवर लोणी घेणाऱ्या माणसाला फलकावर ‘लोणी’ दिसलं, तर त्याला स्वतःच्या घरातलं मडकं आठवेल. म्हणजे पैसे कंपनीचे आणि जाहिरात मडक्याची.

मग अमूलने काय केलं? त्यांनी घोषवाक्य भाषांतराला दिलंच नाही. ‘अटरली बटरली’ हा एक ओळखीचा आवाज म्हणून तसाच ठेवला आणि वरची विनोदी ओळ मात्र वेळोवेळी, गावाच्या बोलीतून नवी लिहिली. संपांनी गाजलेल्या कलकत्त्यात ‘ब्रेड विदाउट अमूल बटर, चोलबे ना, चोलबे ना’ अशी ओळ आली. तिथे मोर्चातली बंगाली घोषणाच उचलली होती.

मुंबईत गणेशोत्सवात फलक लागला : ‘गणपती बाप्पा मोअर घ्या’. ‘मोरया’च्या जागी इंग्रजी ‘मोअर’, आणि पुढे चक्क मराठी ‘घ्या’. बाप्पा, अजून घ्या! ही कोटी इंग्रजीतून आलेली नाही, ती मराठी कानासाठीच घडवलेली आहे. तिची मर्यादाही तिथेच दिसते. रोमन लिपीत एम-ओ-आर-ई ही चार अक्षरं ‘मोरे’ अशीही वाचता येतात आणि ‘मोअर’ अशीही. देवनागरीत एकच निवडावं लागतं. ‘मोरे घ्या’ लिहिलं की ते आडनाव वाटतं, ‘मोअर घ्या’ लिहिलं की आरतीनंतरचा जयघोष पुसट होतो. हिंदीत तर ‘घ्या’च उरत नाही, ‘लीजिए’ म्हटलं की ‘मोरया’चा शेवट हरवतो.

आणि जिवंत कोटी दुखावूही शकते. दाकुन्हा यांच्याकडून सांगितली गेलेली हकिकत अशी, की फलक काढला नाही तर कार्यालय फोडू, अशी धमकी शिवसेनेच्या लोकांनी दिली. ज्या शब्दाशी भक्ती जोडलेली आहे, तो शब्द बटर विकायला वापरल्याचा हा राग होता.

तरीही त्या संस्थेची वाट बरोबर होती : शब्द सोडायचा आणि त्या भाषेत आधीच दुहेरी अर्थाने फिरणारा शब्द शोधायचा. बटरसाठी तो आपल्याकडे आहे. मराठीत आपण साहेबांना लोणी किंवा मस्का लावतो, हिंदीत ‘मक्खन लगाते हैं’. दोन्हीकडे अर्थ खुशामत. म्हणून मी करून पाहिलेल्या दोन ओळी अशा :

साहेबांना नको, पावाला मस्का लावा.
साहब को नहीं, ब्रेड को मक्खन लगाइए।

मराठीत ‘मस्का’ घेतला, कारण तो बाजारातल्या वडीचा शब्द आहे. लोण्याचा आणखी एक धोका म्हणजे ‘मढ्याच्या टाळूवरचं लोणी’. विनोदात लोणी, खाणं आणि साहेब एकत्र आले की मराठी मन लगेच भ्रष्टाचाराकडे वळतं. हिंदीत ‘पाव’ काढला, कारण उत्तरेत बऱ्याच ठिकाणी त्याचा पहिला अर्थ ‘पाव किलो’तला पाव होतो.

बीडमध्ये या दोन्ही ओळी एकाच माणसाच्या कानावर पडू शकतात. 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि मराठीशेजारी दखनी इथे अजून बोलली जाते. त्यामुळे एक ओळ दुसरीची नक्कल वाटली, तर ते इथे लगेच लक्षात येईल. तपासणी सोपी आहे : चित्र न दाखवता ओळ मोठ्याने वाचा आणि गंमत कशात आहे ते विचारा. समोरच्याला ती समजावून सांगावी लागली, तर ओळ फसली.

किंमतही मोजावी लागतेच. ‘बटरली’मध्ये लहान मुलाचा निरर्थक आनंद होता. माझ्या ओळींमध्ये मोठ्यांचा टोमणा आला. आणि मंजुरी देणाऱ्यासाठी त्या पुन्हा इंग्रजीत शब्दशः उलटवल्या, तर उरतं फक्त ‘साहेबाला लोणी फासू नका’. म्हणून अशी ओळ पाठवताना सोबत चार वाक्यांत लिहून द्यावं लागतं, की मराठी माणूस हे वाचून नेमका कुठे हसेल.