जुळणी तत्त्व व सावधगिरी तत्त्व : उघड्या मँगॅनीज खाणींच्या हिशेबातील

जुळणी तत्त्व व सावधगिरी तत्त्व : हिशेबशास्त्रातील दोन मूलभूत संकल्पना. एखाद्या वर्षाचे उत्पन्न मिळविण्यासाठी जो खर्च झाला, तोच त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा करावा, मग पैसे प्रत्यक्षात केव्हाही दिलेले असोत, हे जुळणी तत्त्व होय. संभाव्य तोटा दिसताच हिशेबात घ्यावा, परंतु नफा हाती येण्याची वाजवी खात्री होईपर्यंत तो धरू नये, हे सावधगिरी तत्त्व होय. बहुतेक व्यवहारांत ही दोन्ही तत्त्वे गुण्यागोविंदाने नांदतात. मात्र आज केलेल्या खर्चाचे फळ पुढील अनेक वर्षांत मिळणार असेल आणि ते मिळेलच याची हमी नसेल, तर पहिले तत्त्व तो खर्च पुढे ढकलण्यास सांगते व दुसरे तो आजच नफ्यातून वजा करण्यास सांगते. हा विरोध उघड्या खाणीत जितक्या स्पष्टपणे दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसतो. भंडारा जिल्ह्यातील मँगॅनीज खाणी हे त्याच्या विवेचनासाठी सोयीचे क्षेत्र आहे.

मध्य प्रांतातील मँगॅनीजचा शोध घेण्यासाठी १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश संस्था निघाली. पुढे तिचे रूपांतर सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगॅनीज ओअर कंपनीत झाले. १९६२ मध्ये तिच्या भारतातील खाणी मँगॅनीज ओअर (इंडिया) लिमिटेड या नव्या कंपनीकडे आल्या. तीत केंद्र शासन व मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या राज्यांचे मिळून ५१ टक्के भांडवल होते. उरलेले भाग १९७७ मध्ये शासनाने घेतले, आणि २०१० पासून कंपनी ‘मॉयल’ या नावाने ओळखली जाते. तुमसर तालुक्यातील चिखला येथील खाण भूमिगत आहे, तर डोंगरी बुजुर्ग येथील खाण उघडी असून तीतून शुष्क विद्युत्‌ घटांसाठी लागणारे मँगॅनीज डाय-ऑक्साइड धातुक निघते. खाण उघडी असणे हाच हिशेबाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक होय.

या पट्ट्यातील धातुकाचे थर बहुधा वळ्यांत सापडलेले व तीव्र उताराचे असतात. उघड्या खाणीत त्यांचा पाठलाग करत खाली जायचे, तर खाणीची कड तुलनेने सौम्य उताराची व पायऱ्यापायऱ्यांची ठेवावी लागते, नाहीतर ती ढासळते. म्हणून खाण एक टप्पा खोल नेण्यापूर्वी वरून संपूर्ण कड मागे सारावी लागते आणि धातुकाच्या माथ्यावरील माती व खडक उपसून बाजूच्या ढिगाऱ्यांवर टाकावे लागतात. या निरुपयोगी भागास खाणीत ओव्हरबर्डन किंवा नुसतेच ‘ओबी’ म्हणतात. एक टन धातुकामागे किती घनमीटर ओबी काढावी लागते, त्यास उपशाचे गुणोत्तर म्हणता येईल. कड मागे सारण्याच्या वर्षांत हे गुणोत्तर फार मोठे असते. पुढील वर्षांत मोकळे झालेले धातुक काढताना ते उतरते.

पुढील उदाहरणातील आकडे कोणत्याही प्रत्यक्ष खाणीचे नसून केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत. एका खाणीत दहा वर्षांत, दरवर्षी १ लाख टन याप्रमाणे, १० लाख टन धातुक काढावयाचे आहे. त्यासाठी ६० लाख घनमीटर ओबी उपसावी लागेल, म्हणजे सरासरी गुणोत्तर ६ आहे. पहिली चार वर्षे दरवर्षी ९ लाख व नंतरची सहा वर्षे ४ लाख घनमीटर उपसा होईल. उपशाचा दर घनमीटरला २०० रुपये, धातुकाचा भाव टनाला ३,००० रुपये आणि इतर सर्व खर्च वर्षाला १३ कोटी रुपये धरू.

पहिल्या वर्षी विक्री ३० कोटींची होते व उपशावर १८ कोटी खर्च होतात. सावधगिरीने सगळा खर्च त्याच वर्षी टाकला, तर १ कोटीचा तोटा दिसतो. जुळणी तत्त्वाने पाहिल्यास या वर्षीच्या १ लाख टनांच्या वाट्याला सरासरीने ६ लाख घनमीटर, म्हणजे १२ कोटी येतात. उरलेले ६ कोटी पुढील वर्षांच्या धातुकासाठी खर्च झाले म्हणून ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूस ठेवले जातात आणि ५ कोटी नफा दिसतो. चार वर्षांनंतर अशी २४ कोटींची रक्कम साठते. पाचव्या वर्षापासून ती दरवर्षी ४ कोटींप्रमाणे खर्ची पडत जाऊन दहाव्या वर्षी संपते. दहा वर्षांचा एकूण नफा दोन्ही पद्धतींनी ५० कोटीच येतो. फरक इतकाच, की जुळणीने तो दरवर्षी ५ कोटी असा समान दिसतो, तर सावधगिरीने चार वर्षे तोटा व नंतर सहा वर्षे दरसाल ९ कोटी असा दिसतो. या उत्तरार्धातील नफ्यालाही पूर्णपणे सावध म्हणता येणार नाही. आधीच्या व्यवस्थापकाने सोसलेल्या खर्चावर नंतरचा व्यवस्थापक नाव मिळवतो, आणि चौथ्या वर्षी भाग विकून टाकणारा भागधारक नाहक ठकतो. सावधगिरीच्या समर्थकांनी ही बाजू सहसा पाहिलेली नसते.

आता चौथ्या वर्षाच्या अखेरीस भाव टनाला २,२०० रुपयांवर आला असे समजू. मँगॅनीजची मागणी मुख्यतः पोलाद-उद्योगाशी निगडित असल्याने असे चढउतार अपवादात्मक नाहीत. उरलेल्या प्रत्येक वर्षी २२ कोटींच्या विक्रीतून १३ कोटी इतर खर्च व ८ कोटी उपशाचा खर्च जाऊन केवळ १ कोटी उरेल. सहा वर्षांत, व्याजाचा विचार न करताही, ६ कोटीच हाती येतील. म्हणजे ताळेबंदातील २४ कोटींपैकी १८ कोटी वसूल होणार नाहीत आणि ते एकदम लेखी खोडून टाकावे लागतील. दरम्यान चार वर्षांत दाखविलेल्या २० कोटींच्या नफ्यातून लाभांश वाटला गेला असेल, तर तो परत येत नाही. सावधगिरीच्या पद्धतीत हा प्रसंगच उद्‌भवत नाही.

इतिहासाच्या दृष्टीने सावधगिरी ही वडील व जुळणी धाकटी होय. फ्रान्समध्ये १६७३ च्या वटहुकुमाने व्यापाऱ्यांवर मालाची यादी ठेवण्याचे बंधन आले. त्या कायद्याशी संबंधित झाक साव्हारी याने १६७५ मधील आपल्या व्यापारविषयक ग्रंथात जुना किंवा भाव उतरलेला माल कमी किमतीने धरण्याचा सल्ला दिला. ही दृष्टी धनकोच्या हिताची होती. जुळणीचा पद्धतशीर विचार मात्र भागधारकांच्या मोठ्या कंपन्यांबरोबर आला आणि त्याला ठसठशीत रूप पेटन व लिटल्टन यांच्या १९४० मधील अमेरिकन ग्रंथाने दिले. ब्रिटनच्या १९७१ मधील प्रमाणकाने, दोहोंत विसंगती आल्यास सावधगिरीस अग्रक्रम द्यावा, असे स्पष्टच सांगितले. भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या १९७९ च्या पहिल्या लेखा-प्रमाणकाने उपार्जन हे मूलभूत गृहीत मानले व सावधगिरीस धोरण निवडण्याच्या निकषांत स्थान दिले. विशिष्ट प्रसंगी कोणते वरचढ, हे मात्र त्याने ठरवून दिले नाही. कंपनी अधिनियम, १९५६ मधील ताळेबंदाच्या नमुन्यात ‘न खोडलेला संकीर्ण खर्च’ असे एक शीर्षक होते. पुढे ढकललेल्या नाना प्रकारच्या खर्चांना तेथे आसरा मिळे. २०११ च्या सुधारित नमुन्यात ते शीर्षक उरले नाही.

जुळणी पद्धतीची खरी कसोटी तत्त्वात नसून तिच्या सरासरी गुणोत्तरात आहे. हे गुणोत्तर वेधनछिद्रांवरून भूवैज्ञानिकाने केलेला अंदाज असतो. वरील खाणीत तेवढीच ओबी काढून १० ऐवजी ८ लाख टनच धातुक निघणार असेल, तर सरासरी ७.५ होते, दर टनाचा भार १,५०० रुपये होतो आणि चौथ्या वर्षाअखेर मालमत्ता २४ ऐवजी १२ कोटीच असावयास हवी. दुसरी चूक मोजमापाची असते. खडक फोडल्यावर फुगतो. जागेवर ९ लाख घनमीटर असलेला खडक ढिगाऱ्यावर सहज १२ लाख भरतो. उपसा ढिगाऱ्यावर मोजला व सरासरी मात्र जागेवरच्या मापाने धरली, तर घनमीटरचा दर १५० रुपये निघतो, वर्षावर ९ कोटीच पडतात आणि ५ कोटींचा नफा ८ कोटी दिसू लागतो. म्हणून हिशेबतपासनीसाने नुसती पुस्तके न पाहता खाणीच्या पायऱ्यांची सर्वेक्षण-मापे मागवावीत. ढकललेली रक्कम नियोजित वर्षांनंतरही वाढतच असेल आणि सरासरी गुणोत्तर वर्षानुवर्षे जसेच्या तसे असेल, तर अंदाज चुकला असल्याचे ते ठळक चिन्ह होय.

सरासरीचा उलट परिणामही संभवतो. प्रत्यक्ष उपसा सरासरीहून कमी झाला, तर फरकाची रक्कम देयतांच्या बाजूस साठते. कोल इंडिया व नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स यांसारख्या तिच्या उपकंपन्या वार्षिक १० लाख टन किंवा अधिक क्षमतेच्या खाणींत सरासरीची पद्धत दीर्घकाळ वापरत आल्या. अशी जमा बाकी सावधगिरीची तरतूद वाटते, परंतु ती कोणालाही द्यावयाची नसते. कंपनीने उद्या खाण बंद केली, तर तो खडक उपसण्याचे बंधन तिच्यावर नसते.

ऑक्टोबर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अर्थनिर्णयाने (विसाव्या क्रमांकाच्या) यावर तोडगा काढला. मोठ्या कंपन्यांना २०१६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या भारतीय प्रमाणकांत तो सोळाव्या प्रमाणकाच्या ‘ब’ परिशिष्टात आला आहे. त्यानुसार संपूर्ण खाणीची एकच सरासरी घेण्याऐवजी, ज्या ओबीमुळे धातुकाचा जो निश्चित भाग मोकळा झाला तो भाग ओळखता आला पाहिजे, त्यापासून लाभ संभवनीय असला पाहिजे आणि खर्च विश्वसनीयपणे मोजता आला पाहिजे. तसे असेल तरच खर्च मालमत्ता ठरतो व त्या भागातील धातुक निघेल तसतसा टनांच्या प्रमाणात घसाऱ्याने खर्ची पडतो. जमा बाकीला यात जागा नाही. जुळणी टिकली, पण तिची व्याप्ती संपूर्ण खाणीऐवजी एका भागापुरती झाली. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय संकल्पनात्मक चौकटीनेही, २०१० मध्ये वगळलेली सावधगिरी ‘अनिश्चिततेत बाळगावयाची दक्षता’ या अर्थाने परत घेतली, आणि केवळ जुळणीसाठी मालमत्तेच्या व्याख्येत न बसणारी बाब ताळेबंदात ठेवता येणार नाही, असे म्हटले.

खाण बंद करण्याच्या खर्चात हा संघर्ष वेगळे रूप घेतो. २००३ पासून खनिज संधारण नियमांनी खाण बंद करण्याची योजना व आर्थिक हमी आवश्यक केली. दहा वर्षांनी १० कोटी लागणार असतील, तर जुनी जुळणी दरवर्षी १ कोटी बाजूस काढते, आणि पहिल्या वर्षाअखेर देयता तेवढीच दिसते. सावधगिरीच्या दृष्टीने जमीन खोदताक्षणी बंधन निर्माण झालेले असते. भारतीय प्रमाणके आरंभीच वर्तमान मूल्याने, ८ टक्के दराने सुमारे ४.६३ कोटींची, देयता दाखवितात आणि तेवढीच रक्कम खाणीच्या किमतीत मिळवितात. पहिल्या वर्षी घसारा सुमारे ४६ लाख व देयतेवरील व्याज ३७ लाख, मिळून ८३ लाख खर्ची पडतात. पुढे व्याज वाढत जाते व देयता दहाव्या वर्षी १० कोटींवर येते.