वॉरंटीतील सदोष फ्रिज : तक्रार कशी करावी, पुरावा कोणता जपावा

फ्रिज, वॉशिंग मशीन किंवा मिक्सर वॉरंटीच्या मुदतीत बिघडला की ग्राहक सर्वप्रथम खरेदीचे बिल शोधतो. बिल आवश्यक आहेच. पण त्यावरून फक्त वस्तू केव्हा, कोठून आणि किती रुपयांना घेतली एवढेच सिद्ध होते. वस्तूत दोष होता, तो वॉरंटीच्या काळातच निर्माण झाला आणि कंपनीला वारंवार संधी देऊनही दूर झाला नाही, या तीन गोष्टी बिल सांगत नाही. ग्राहक आयोगापुढील वाद मात्र बहुधा याच तीन गोष्टींवर होतो. त्या सिद्ध करणारा कागद कंपनीचाच तंत्रज्ञ आपल्या घरी लिहितो. त्याला जॉबकार्ड किंवा सर्व्हिस रिपोर्ट म्हणतात, आणि बहुतेक घरांत तो दोन दिवसांत रद्दीत जातो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कराडला लागून असलेल्या मलकापूर येथील एका कुटुंबाने ९ एप्रिल २०२४ रोजी, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, कराडच्या दुकानातून २८,५०० रुपयांचा फ्रिज घेतला. वॉरंटी एक वर्षाची, म्हणजे ८ एप्रिल २०२५ पर्यंत. २१ मे रोजी थंडावा गेला. तंत्रज्ञाने गॅस भरला. १२ ऑगस्टला पुन्हा तेच झाले आणि पुन्हा गॅस भरला गेला. २ डिसेंबरला थर्मोस्टॅट बदलून कार्डावर ‘ओके’ लिहिले गेले. २७ मार्च २०२५ रोजी चौथी तक्रार नोंदवली. तंत्रज्ञ आला ११ एप्रिलला आणि म्हणाला, ‘साहेब, वॉरंटी संपली. गॅस आणि मजुरी मिळून ३,८०० रुपये होतील.’

येथे कुटुंबाची बाजू टिकते ती मोबाइलवर आलेल्या एका संदेशामुळे. तक्रार २७ मार्चला नोंदवली, हे तक्रार क्रमांकासह त्या संदेशात लिहिलेले आहे. तंत्रज्ञ उशिरा आला हा कंपनीच्या सेवेतील दोष आहे. त्यामुळे वॉरंटीतील तक्रार वॉरंटीबाहेरची होत नाही. म्हणून तक्रार नेहमी कंपनीच्या मदतकेंद्रावर किंवा ई-मेलने नोंदवावी. दुकानदाराला तोंडी सांगितलेल्या तक्रारीची कोठेच नोंद राहत नाही.

आता गॅसकडे वळू. फ्रिजमधील शीतक वायू स्वयंपाकाच्या गॅससारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. कॉम्प्रेसर न थांबता सतत चालणे, बर्फाच्या कप्प्यात एकाच कोपऱ्यात बर्फ धरणे आणि बाकीचा भाग कोरडा राहणे, ही त्याची घरातही ओळखता येणारी लक्षणे. गळती न शोधता पुन्हा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. त्यात भर म्हणजे आजच्या अनेक फ्रिजमध्ये काही नळ्या भिंतीतील फोमच्या आत बसवलेल्या असतात. गळती तेथे असेल तर दुरुस्ती जवळजवळ अशक्य होते. म्हणूनच सहा महिन्यांच्या आत दोनदा ‘गॅस भरला’ अशी नोंद असलेली दोन जॉबकार्डे मोलाची ठरतात. दोष मूळ बनावटीत आहे, या म्हणण्याला त्यांचा आधार मिळतो, आणि तोही कंपनीच्याच माणसाच्या हस्ताक्षरात.

त्यामुळे जॉबकार्डावर सही करण्यापूर्वी ते वाचावे. तक्रार काय होती, काय आढळले, कोणता भाग बदलला, गळती तपासली की नाही, हे त्यात आले पाहिजे. तंत्रज्ञ केवळ ‘ओके’ लिहीत असेल तर सहीशेजारी आपण स्वतः ‘थंडावा अद्याप अपुरा’ असे लिहून तारीख घालावी आणि कार्डाचे छायाचित्र घ्यावे. अलीकडे कागदाऐवजी मोबाइलवर येणारा ओटीपी मागितला जातो. तो सांगितला की कंपनीच्या नोंदीत ‘ग्राहकाचे समाधान झाले, तक्रार बंद’ असे उमटते. काम पूर्ण होऊन काही तास यंत्र चालवून पाहिल्याखेरीज तो देऊ नये. तंत्रज्ञाला पुढच्या घरी जायची घाई असते. ती त्याची अडचण आहे, आपली नव्हे.

इतर पुराव्यांचे थोडक्यात सांगतो. दुकानातील छापील पावतीची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून घेतल्या दिवशीच तिची झेरॉक्स काढावी. बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक आहे का ते पाहावे आणि फ्रिजच्या आतील स्टिकरवरील क्रमांकाशी ताडून त्या स्टिकरचे छायाचित्र ठेवावे. वॉरंटी कार्डावर दुकानदाराचा शिक्का आणि तारीख घ्यावी. कार्डावरील बारीक अक्षरे वाचावीत. ‘कॉम्प्रेसरवर दहा वर्षे’ असे ठळक छापलेले असते. ती हमी बहुधा फक्त त्या भागापुरती असते आणि गॅस, मजुरी, भेटीचे शुल्क वेगळे पडते. विजेच्या दाबातील चढउतार आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे कंपन्यांचे नेहमीचे बचाव आहेत. त्यामुळे स्टॅबिलायझर असल्यास त्याचे बिल जपावे. आत थर्मामीटर ठेवून तापमानाची तारीखवार छायाचित्रे घेता येतात. मोबाइलमधील मूळ संदेश आणि चित्रे पुसू नयेत. त्यांच्या छापील प्रती देताना इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडलेले बरे; भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये त्याची तरतूद आहे आणि नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत आहे.

एक चूक मात्र सर्व कागदांवर पाणी फिरवते. कंटाळून बाहेरच्या मेकॅनिककडून यंत्र उघडून घेतले की कंपनी वॉरंटी नाकारते आणि मूळ दोष तपासण्याची सोयही संपते. अगदीच निरुपाय असेल तर आधी कंपनीला लेखी कळवावे आणि बदललेला जुना भाग जपून ठेवावा.

यानंतर लेखी नोटीस. कायद्याने ती सक्तीची नाही, पण कंपनीला शेवटची संधी दिल्याचे तीतून दिसते. चारही तक्रारींच्या तारखा व क्रमांक, आपली मागणी आणि पंधरा दिवसांची मुदत एवढे एका पानात मावते. ती दुकानदार, कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय आणि अधिकृत सेवाकेंद्र या तिघांना स्पीड पोस्टाने पाठवावी. पोस्टाची पावती आणि पोहोचल्याची नोंद जपावी. याच काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण अनेकदा कंपनी तेवढ्यावरच हलते.

नाही हलली तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याने एक मोठी सोय केली : तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडे दाद मागता येते. मलकापूरच्या रहिवाशाने फ्रिज पुण्यातून किंवा ऑनलाइन घेतला असला तरी त्याची तक्रार साताऱ्याच्या जिल्हा आयोगाकडे चालते. पत्ता लिहिताना ‘तालुका कराड, जिल्हा सातारा’ हे शब्द गाळू नयेत. शाहूवाडी तालुक्यातही मलकापूर आहे आणि बुलढाणा जिल्ह्यातही. जिल्हा बदलला की आयोग बदलतो.

वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील नेमणे बंधनकारक नाही. तक्रार e-jagriti.gov.in या संकेतस्थळावरून दाखल करता येते आणि अर्ज केल्यास दृक्‌श्राव्य माध्यमातून सुनावणीची मुभा मिळू शकते. सातारा तेथून सुमारे पन्नास किलोमीटर असल्याने रोजंदारी बुडवून जाणाऱ्याला ही सोय क्षुल्लक नाही.

मुदत दोन वर्षांची आहे आणि ती कारण घडल्यापासून मोजली जाते. आपल्या उदाहरणात शेवटच्या नकारापासून, म्हणजे ११ एप्रिल २०२५ पासून, ती मोजावी असे ग्राहक म्हणेल. कंपनी पहिल्या बिघाडावर, २१ मे २०२४ वर, बोट ठेवील. सुरक्षित मार्ग पहिल्याच तारखेपासून मोजण्याचा. कंपनीशी पत्रव्यवहार चालू ठेवल्याने मुदत आपोआप वाढत नाही. सबळ कारण दाखवल्यास आयोग विलंब माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये.

तक्रारीत तिघांनाही विरुद्ध पक्ष करावे आणि प्रत्येकाचा कसूर वेगळा लिहावा. २००९ चे मॉडेल २०११ चे नवे म्हणून विकल्या गेलेल्या गोव्यातील एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विक्रेत्याची जबाबदारी कायम ठेवली, पण निर्मात्या कंपनीला मोकळे केले. त्या कृत्याची माहिती कंपनीला होती, असे दाखवणारे काही पुढे आले नव्हते. ‘सर्वांनी मिळून फसवले’ एवढे वाक्य पुरत नाही, हा त्यातून घ्यायचा बोध. मागणीही दुहेरी असावी. २००६ मधील मोटारीच्याच दुसऱ्या एका निकालात याच न्यायालयाने सांगितले की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याची हमी असेल, तर संपूर्ण वाहन बदलून मागता येत नाही. म्हणून मुख्य मागणी किंमत व्याजासह परत मिळण्याची किंवा नव्या फ्रिजची, आणि ती मान्य न झाल्यास दोष विनामूल्य दूर करून नुकसानभरपाईची, अशी मांडावी. भरपाईचा आकडा फुगवू नये. २८,५०० रुपयांच्या फ्रिजसाठी ५ लाखांचा मनस्ताप कोणालाच पटत नाही.

कंपनीला म्हणणे मांडण्यास ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून अहवाल मागवू शकतो; त्याचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे असते. कायद्याने निकालासाठी तीन महिने, तपासणी असल्यास पाच महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात याहून अधिक काळ जातो, हे गृहीत धरूनच निघावे.

आदेशावर राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील करता येते. पैसे देण्याचा आदेश झालेल्या कंपनीला त्यासाठी निम्मी रक्कम भरावी लागते. आदेश पाळला नाही तर अंमलबजावणीसाठी स्वतंत्र अर्ज करावा. अवज्ञेबद्दल किमान २५ हजार रुपये दंड किंवा एक महिना ते तीन वर्षे कारावास, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. किंमत परत करण्याच्या आदेशात जुना फ्रिज कंपनीला द्यावयाचा असतो. रक्कम खात्यात जमा झाल्यानंतरच तो द्यावा आणि नेणाऱ्याकडून अनुक्रमांकासह पोचपावती लिहून घ्यावी.