पहिल्या भेटीतले संबोधन : जी, साहेब की नुसते आडनाव?

वयाने किंवा अधिकाराने मोठ्या असलेल्या अनोळखी व्यक्तीला पहिल्यांदा हाक मारायची वेळ आली, की मराठी माणूस क्षणभर अडखळतो. 'नमस्कार' झाल्यावर पुढे काय? 'पाटीलजी' म्हणावे, 'पाटीलसाहेब' म्हणावे, की नुसते 'पाटील'? हिंदी भाषकाला हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण कोणत्याही नावापुढे किंवा आडनावापुढे 'जी' लावून त्याचे काम भागते. मराठीत मात्र प्रत्येक आदरार्थी शब्दाची जागा ठरलेली आहे आणि ती चुकली की कानाला खटकते.

'जी' मराठीला परका नाही. शिवाजी, तानाजी, महादजी या नावांत तो कायमचा मुरलेला आहे, गुरुजी आणि गांधीजी या शब्दांतही आहे. विदर्भात तर 'हो जी', 'काय जी' असे रोजच्या बोलण्यात ऐकू येते. पण आडनावाला चिकटलेला 'जी' हा मराठीचा स्वभाव नव्हे. 'जोशीजी' किंवा 'कुलकर्णीजी' ऐकताच बोलणारा हिंदी वळणाने बोलतो आहे, हे मराठी श्रोत्याच्या लक्षात येते. पहिल्या नावाला लावलेला 'जी' दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांनी आणि सत्कार समारंभांनी रुळवला. निवेदकाच्या तोंडी तो खपून जातो. घरी किंवा कचेरीत एखाद्या ज्येष्ठाला तसे म्हटले, तर अपमान होत नाही. पण मधे एक व्यासपीठ उभे राहिल्यासारखे वाटते.

'साहेब' हा शब्द अरबीतून आला. तेथे त्याचा मूळ अर्थ सोबती असा होता, पुढे तो मालक, धनी या अर्थाकडे सरकला. इंग्रजी अमलात तो गोऱ्या अधिकाऱ्याला चिकटला आणि त्यानंतर प्रत्येक कचेरीतल्या वरिष्ठाकडे आला. मराठीत तो आडनावाशी जुळतो (पाटीलसाहेब, देशमुखसाहेब), हुद्द्याशी जुळतो (वकीलसाहेब, तहसीलदारसाहेब) आणि घरगुती नावांतही स्थिरावलेला आहे (दादासाहेब, भाऊसाहेब). पण हे शेवटचे शब्द माणसांची रूढ झालेली नावेच असतात. समोरच्याला सगळे 'भाऊसाहेब' म्हणत असतील, तरच आपणही म्हणावे; आपल्या मनाने कोणाला 'भाऊसाहेब' करू नये.

'राव'चा नियम याच्या उलट आहे. तो पहिल्या नावाला लागतो, आडनावाला नाही. यशवंतराव, वसंतराव असे होते, 'जोशीराव' होत नाही. शिवाय 'सुरेशराव' ही हाक बरोबरीच्या किंवा थोड्याफार परिचयातल्या माणसाची आहे. पंचविशीतल्या तरुणाने साठीच्या गृहस्थाला पहिल्याच भेटीत 'सुरेशराव' म्हटले, तर तो सलगी करू पाहतो आहे असे वाटेल. आणि नुसते 'राव' तर मित्रांच्या गप्पांतलेच. 'काय राव' हे वडीलधाऱ्यांच्या कानी पडलेले बरे नसते.

आता नुसते आडनाव. येथे मराठी व्याकरण मदतीला येते. मराठीत आदर केवळ उपाधीत नसतो, तो क्रियापदात आणि अनुस्वारातही असतो. 'कुलकर्णी आला' आणि 'कुलकर्णी आले', 'कुलकर्णीला सांगा' आणि 'कुलकर्णींना सांगा' यांतले अंतर सर्वांना कळते. त्यामुळे तिऱ्हाइताविषयी बोलताना 'कुलकर्णींनी सही केली' एवढे पुरते, 'साहेब' नसले तरी उणेपणा येत नाही. मात्र समोरासमोर हाक मारताना हा आधार सुटतो, कारण संबोधनात ना अनुस्वार ना क्रियापद. 'कुलकर्णी, एक विचारायचे होते' हे बरोबरीच्या सहकाऱ्याचे बोलणे झाले. ज्येष्ठाने कनिष्ठाला तसे म्हणावे, कनिष्ठाने ज्येष्ठाला नव्हे.

याला एक जुना अपवाद आहे. पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे ही मुळात वतनांची आणि अधिकारपदांची नावे. गावात 'रामराम पाटील' असे म्हणणारा आडनावाने नव्हे, हुद्द्याने हाक मारीत असे. त्यात आदर आपोआप आला. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने गेली आणि वंशपरंपरागत पाटीलकी 1962 च्या कायद्याने संपली, तरी बोलण्याची ही रीत अनेक गावांत टिकून आहे. शहरातल्या कचेरीत मात्र हाच 'पाटील' उघडाबोडका वाटतो.

एक प्रसंग घेऊ. एका तरुण स्थापत्य अभियंत्याला सोसायटीच्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी एका निवृत्त कार्यकारी अभियंत्याचा सल्ला हवा आहे. हाती फक्त दूरध्वनी क्रमांक आणि 'पाटील' एवढेच नाव आहे. 'पाटील आहेत का?' हे घाईचे होते, 'पाटीलजी आहेत का?' हे कृत्रिम. 'नमस्कार, पाटीलसाहेब बोलत आहेत का?' हे बरोबर. येथे नाव, उपाधी आणि अनेकवचनी क्रियापद तिन्ही जुळून येतात. पलीकडून 'हो, बोला' आले, की आडनाव पुन्हा पुन्हा घेण्याची गरज उरत नाही. 'साहेब, मी अमुक सोसायटीतून बोलतोय' एवढे पुरे. भेटीत ते गृहस्थ 'साहेब-बिहेब नको हो, आता निवृत्त झालो' असे म्हणाले, तर लगेच 'सुरेशराव' वर उडी मारू नये. तेथे 'सर' किंवा वयाचे अंतर बरेच असल्यास 'काका' चालते, आणि शेजारीपाजारी त्यांना काय म्हणतात ते एकदा कान देऊन ऐकावे. त्यांनी स्वतः 'अरे, तू' सुरू केले, तरी आपले 'तुम्ही' सोडायचे नसते, हे वेगळे सांगायला नको.

बरेचदा आडनावच माहीत नसते. तेव्हा काही जण बोलणे सुरू होण्याआधीच 'आपले आडनाव?' असे विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात काही नसेल. पण महाराष्ट्रात आडनावावरून जात ओळखण्याची सवय जुनी आहे आणि ज्याला तिचा चटका बसला आहे, त्याला हा प्रश्न चौकशीसारखा लागतो. काही लोक तर म्हणूनच स्वतःची ओळख केवळ पहिल्या नावाने करून देतात. अशांच्या आडनावाच्या मागे लागू नये. नाव न घेता 'सर', 'साहेब' किंवा 'मॅडम' म्हणून बोलता येते, आणि 'तुम्हांला कोणत्या नावाने हाक मारू?' हा प्रश्न आडनावाच्या प्रश्नापेक्षा केव्हाही बरा.

स्त्रियांच्या बाबतीत पेच थोडा अधिक आहे. 'बाई' हा एके काळी नितांत आदराचा शब्द. दुर्गाबाई भागवत, इरावतीबाई कर्वे असे उल्लेख आजही सहज होतात, आणि शाळेतल्या 'जोशीबाई' तर कित्येकांच्या आठवणीत आहेत. परंतु शहरांत घरकाम करणाऱ्या स्त्रीलाही 'बाई' म्हणतात, त्यामुळे अनोळखी महिला अधिकाऱ्याला तसे म्हणायला लोक कचरतात. 'बाईसाहेब' मध्ये सरंजामी थाट येतो आणि क्वचित थट्टाही. 'ताई' आपुलकीचा, पण वयाने खूप मोठ्या स्त्रीला तो हलका पडू शकतो. कचेरीत आडनावासह 'मॅडम' हाच आज सर्वांत निर्धोक उपाय ठरला आहे, शब्द परका असला तरी.

पत्रात हा गोंधळ कमी होतो, कारण तेथे 'श्री. पाटील यांस' किंवा 'मा. पाटीलसाहेब' असे ठरीव मायने आहेत. दोन्ही एकत्र करून 'मा. श्री. पाटीलसाहेबजी' असे लिहिणारेही भेटतात. एका नावामागे-पुढे चार आदर ओळीने उभे केले, की वाचणाऱ्याला पहिली शंका येते ती अर्जदाराला नेमके काय हवे आहे, याची.